हुकवर्मचं अंडं, तोंड आणि शिरकावाची वाट: अँकिलोस्टोमा की नेकेटर?

मॅडम, मी नागपुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकतोय. अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल आणि नेकेटर अमेरिकॅनस यांच्यातल्या फरकाचा तक्ता पाठ आहे, पण प्रॅक्टिकलला स्लाइडवर अंडं दिसलं की ते कुणाचं हे सांगता येत नाही. तोंडाची रचना, अंडी आणि शरीरात शिरायची वाट, या तिन्हींतून नेमकं काय ओळखायचं, आणि ओळखून रुग्णाला फायदा काय?

अंड्यावरून ते तुला सांगता येत नाही, कारण ते कुणालाच सांगता येत नाही. मी अनेक वर्षं शौचाच्या स्लाइड बघतेय आणि माझ्या रिपोर्टवर आजही 'हुकवर्मची अंडी दिसली' एवढंच असतं. त्या तक्त्यातल्या तिन्ही रकान्यांचं वजन सारखं नाही. अंडं जात सांगत नाही, पण जंत किती आहेत याचा अंदाज देतं. जात तोंडावरून कळते. आणि शिरायची वाट पाहिली की ती जात कळण्याचा उपयोग काय, हे उमगतं.

अंड्यापासूनच सुरुवात करू, कारण तुझ्या हातात तेच येणार आहे. दोन्हींचं अंडं लंबगोल असतं आणि कवच इतकं पातळ व पारदर्शक की फोकस थोडा हलला तरी कडा हरवते. पित्ताचा रंग त्याला चढत नाही, त्यामुळे सलाइनमध्ये ते बिनरंगाचं दिसतं. आत साधारण चार ते आठ पेशींचा गोळा असतो आणि तो गोळा व कवच यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी जागा असते. ही मोकळी जागा हीच तुझी मुख्य खूण. अंडं मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगतं. पुस्तकं मापं वेगळी देतात: अँकिलोस्टोमाचं सुमारे ६० बाय ४० मायक्रॉन, नेकेटरचं थोडं लांबट, ६४ ते ७६ मायक्रॉनपर्यंत. अनेक अंड्यांची सरासरी काढली तर हा फरक दिसतो. पण दोन्हींची मापं एकमेकांत मिसळतात, म्हणून समोरच्या एका अंड्याला मायक्रोमीटर लावून जात ठरवू नकोस. परीक्षकाने विचारलं तर 'अंड्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही' असं सरळ सांग. ते उत्तर बरोबर आहे.

अंडी बघताना चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळचा नमुना दुपारपर्यंत वॉर्डात पडून राहिला की आतला गोळा झपाट्याने वाढतो. एक दिवस उलटला की अंड्यातून अळी बाहेर पडलेली दिसू शकते. मग कुणीतरी घाईने 'स्ट्राँगिलॉइडिस' लिहून टाकतं. अशी अळी दिसली तर तिच्या तोंडाची पोकळी बघ. हुकवर्मच्या अळीत ती लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीत आखूड. शिवाय स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीत शरीराच्या मध्याजवळ जननेंद्रियाचा अंकुर ठळक दिसतो, हुकवर्मच्या अळीत तो जेमतेम दिसतो. शंका राहिली तर ताजा नमुना मागव, कारण ताज्या शौचात हुकवर्मची अंडीच असतात, अळ्या नसतात.

दुसरी चूक काटो-काट्झच्या स्लाइडची. त्यातलं ग्लिसरीन शौचाला पारदर्शक करतं, पण हुकवर्मचं पातळ कवच त्यात विरून जातं. स्लाइड केल्यापासून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात वाचली नाही, तर भरपूर अंडी असलेला नमुनाही निगेटिव्ह निघतो. राउंडकृमीची अंडी तेवढी दिसत राहतात, त्यामुळे तंत्र बिघडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तोंडाकडे येऊ. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. दोन्ही कृमींच्या पुढच्या टोकाला कडक आवरणाची एक पोकळी असते, तिला मुखकोश म्हणतात. कृमी लहान आतड्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा त्या पोकळीत ओढून धरतो आणि रक्त शोषतो. अँकिलोस्टोमा ड्युओडेनेलच्या मुखकोशाच्या पोटाकडच्या कडेला वाकड्या आकड्यांसारखे चार दात असतात, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. पाठीच्या बाजूला मधोमध खाच असलेली पट्टी असते, तिची दोन टोकं दोन बुटक्या दातांसारखी दिसतात. म्हणूनच काही पुस्तकं एकूण सहा दात मोजतात आणि काही चारच. दोन्ही बरोबर आहेत, फक्त काय मोजलं ते लिही. नेकेटरला पोटाकडच्या कडेला दात नसतातच. तिथे अर्धचंद्राकार धारदार पट्ट्यांची जोडी असते, विळीच्या पात्यासारखी. पाठीच्या बाजूला तशीच छोटी जोडी, आणि कोशात खोलवर एक मधला दात. अँकिलोस्टोमाचा मुखकोश मोठा असतो, नेकेटरचा लहान.

या फरकाचा रक्तस्रावाशी थेट संबंध आहे. अँकिलोस्टोमाचा एक कृमी दिवसाला साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो, नेकेटरचा एक साधारण ०.०३. मोठा देह, मोठं तोंड आणि जोराचं शोषण ही त्याची कारणं. शिवाय हे कृमी एका जागी चिकटून राहत नाहीत. जागा बदलतात, आणि रक्त गोठू न देणारे त्यांचे स्राव जुन्या जखमेत राहिल्याने सोडलेली जागाही काही काळ पाझरत राहते. कृमी पितो त्याहून वाया गेलेलं रक्तही या हिशेबात असतं.

मागे काटोलच्या बाजूची, संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी एक बाई आमच्याकडे आली होती. त्या एका रुग्णात हे सगळं एकत्र दिसतं, म्हणून ते नीट सांगते. हिमोग्लोबिन ६ च्या आसपास, तांबड्या पेशी लहान आणि फिकट, शौचात अदृश्य रक्त पॉझिटिव्ह. अनवाणी काम करायची. काटो-काट्झच्या एका स्लाइडवर १२० अंडी मोजली. त्या साच्यात ४१.७ मिलिग्रॅम शौच मावतं, म्हणून २४ ने गुणायचं: ग्रॅममागे २,८८० अंडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २,००० ते ३,९९९ म्हणजे मध्यम संसर्ग.

वर्ग 'मध्यम', आणि हिमोग्लोबिन मात्र ६. याचा मेळ कसा घालायचा? हिशेब करून बघ. दिवसाचं शौच २०० ग्रॅम धरलं तर दिवसाला सुमारे पावणेसहा लाख अंडी. अँकिलोस्टोमाची मादी दिवसाला १० ते २५ हजार किंवा त्याहून जास्त अंडी घालते, नेकेटरची ५ ते १० हजार. मधले आकडे घेऊ, २० हजार आणि ८ हजार. सगळे अँकिलोस्टोमा असतील तर २९ माद्या, तेवढेच नर धरून ५८ कृमी, आणि ५८ गुणिले ०.२ म्हणजे दिवसाला साडेअकरा मिलिलिटर रक्त. सगळे नेकेटर असतील तर ७२ माद्या, १४४ कृमी, आणि रक्त साधारण सव्वाचार मिलिलिटर. अंडी तेवढीच, पण रक्तस्रावात अडीचपटींहून जास्त फरक. हा हिशेब ढोबळ आहे. शौच पातळ असलं, कृमींची गर्दी फार झाली किंवा ते म्हातारे झाले की अंड्यांचा आकडा बदलतो. तरी मुद्दा टिकतो: तीच अंड्यांची संख्या दोन जातींत दोन वेगळे आजार दाखवते. आणि ज्या बाईच्या आहारात लोह आधीच कमी, पाळीत रक्त जातं, तिला रोजचे दहा-बारा मिलिलिटर वर्षभरात या अवस्थेला आणतात.

अॅनिमियाचं कारण शोधायला तिची दुर्बीण झाली आणि ड्युओडेनममध्ये कृमी चिकटलेले दिसले. चिमट्याने ओढलेला पहिला कृमी तुटला आणि डोकं अस्तरातच राहिलं. हे नेहमी होतं, कारण ती पकड खरोखर घट्ट असते. दुसरा सबंध निघाला. दुर्बीण करणाऱ्यांना माझं कायम सांगणं असतं की कृमी थेट थंड फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. तो आक्रसतो आणि मुखकोश आत ओढला जातो. आधी सलाइनमध्ये धुवायचा, मग ७० टक्के अल्कोहोल पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करायचं, थेट आचेवर कधीच नाही, आणि कृमी त्यात सोडायचा. तो सरळ होऊन मरतो. मग लॅक्टोफेनॉलमध्ये काही तास पारदर्शक होऊ द्यायचा आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघायचा. पाठ किंवा पोट वर येईल असा ठेव. कुशीवर पडला तर दोन्ही बाजूंचे दात एकावर एक येतात आणि पट्टीसारखे दिसतात. अँकिलोस्टोमा नेकेटर म्हणून खपतो तो याच कारणाने. कव्हरस्लिप अलगद सरकवली की कृमी लोळतो आणि चित्र स्पष्ट होतं. आमच्या कृमीत चार आकड्यांसारखे दात स्वच्छ दिसले.

डोकं तुटलेला कृमीही वाया जात नाही. तो नर होता, आणि नराच्या शेपटीकडे छत्रीसारखा पसरलेला पडदा असतो. त्यात मधल्या पाठीच्या दांड्याचं टोक बघायचं. अँकिलोस्टोमात तो दांडा टोकाजवळ दुभंगतो आणि प्रत्येक फाट्याला तीन बोटं असतात. नेकेटरमध्ये तो बुडापासूनच दुभंगलेला असतो आणि प्रत्येक फाट्याला दोनच. नेकेटरचे दोन संभोगकाटे टोकाशी एकत्र जुळून आकडा करतात, अँकिलोस्टोमाचे सुटे राहतात. मादी हाती आली तर योनिद्वार बघ: अँकिलोस्टोमात शरीराच्या मध्याच्या मागे, नेकेटरमध्ये मध्याच्या थोडं पुढे. आणखी एक खूण, पण ती पूरक म्हणूनच वापर. अँकिलोस्टोमाचं डोकं शरीराच्या वळणाच्याच दिशेने झुकतं, नेकेटरचं उलट्या दिशेने, म्हणून नेकेटर एसच्या आकाराचा दिसतो. नीट न मारलेल्या कृमीत ही खूण फसवते.

इथे एक सावधगिरी. आपल्या भागात कुत्र्या-मांजरांतला अँकिलोस्टोमा सेलॅनिकम माणसातही सापडतो. त्याचं अंडं अगदी असंच, आणि त्यालाही दातच असतात. पण प्रत्येक बाजूला एक दात मोठा आणि आतला अगदी छोटा. त्यामुळे 'दात दिसले म्हणजे ड्युओडेनेल' एवढ्यावर थांबू नकोस, दोन्ही दात जवळपास सारखे आहेत का ते बघ.

कृमी मिळालाच नाही तर अळी वाढवायची. हाराडा-मोरी पद्धतीत फिल्टर पेपरच्या अरुंद पट्टीच्या मधल्या भागावर अर्धा ते एक ग्रॅम ताजं शौच फासतात, पट्टीचं खालचं टोक कोरं ठेवून तीन-चार मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी असलेल्या नळीत उभं करतात आणि २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवस ठेवतात. अळ्या खाली पाण्यात उतरतात. मे महिन्यात आपल्या बिनएसीच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो, तिथे हे जमणार नाही. इन्क्युबेटर लागेलच. नमुना फ्रिजमध्ये ठेवला तरी वाया, कारण थंडी या अळ्यांना सोसत नाही, नेकेटरला तर मुळीच नाही. मग त्या कल्चरमध्ये फक्त अँकिलोस्टोमा उरतो आणि तू चुकीचा निष्कर्ष काढतोस. तिसऱ्या टप्प्यातल्या नेकेटरच्या अळीत तोंडाशी दोन गडद भाल्यासारख्या रेषा ठळक असतात, आवरणावर आडव्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि अन्ननलिका व आतडं यांच्यामध्ये फट असते. अँकिलोस्टोमात भाले फिकट, रेघा पुसट, फट नाही. हातमोजे मात्र काढू नकोस. त्या पाण्यातली अळी कातडीतून शिरते, आणि तू बघत असतोस तीच नेमकी शिरणारी अवस्था. आर्थर लूस यांना १८९८ साली कैरोत या वाटेचा सुगावा लागला तो अशाच कल्चरचा थेंब त्यांच्या स्वतःच्या हातावर सांडल्यामुळे.

आता वाट. अंडं गिळून हुकवर्म होत नाही, हे आधी पक्कं कर. अंडं ओल्या, सावलीतल्या मातीत पडलं की एक-दोन दिवसांत फुटतं, अळी दोनदा कात टाकते आणि पाच ते दहा दिवसांत शिरण्याजोगी होते. नेकेटरला माणसात येण्यासाठी कातडी हीच वाट आहे. पायाच्या बोटांमधून शिरून तो रक्तातून फुप्फुसात जातो, तिथून घशात येतो, गिळला जातो आणि मग आतड्यात वाढतो. फुप्फुसाचा हा फेरा त्याला चुकत नाही. अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल कातडीतूनही येतो, पण त्याची अळी तोंडावाटे गेली तरी चालते. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांवरून अळी पोटात गेली की ती फुप्फुसात न जाता थेट आतड्याच्या अस्तरात वाढू शकते. जपानात अशा भाज्यांतून एकदम बऱ्याच अळ्या पोटात गेल्यावर मळमळ, उलट्या, घसा खवखवणं, खोकला आणि दम असा आजार दिसला, त्याला वाकाना आजार म्हणतात. म्हणून चपला घालण्याचा सल्ला नेकेटरला पुरतो, अँकिलोस्टोमाला अर्धाच पुरतो. भाजी धुवायलाही सांगावं लागतं.

अँकिलोस्टोमाची आणखी एक चाल आपल्या हवामानाशी जोडलेली आहे. त्याच्या काही अळ्या शरीरात शिरल्यावर लगेच वाढत नाहीत, वाढ थांबवून महिनोन्‌महिने पडून राहतात, बहुधा स्नायूंत. शाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली पश्चिम बंगालमधल्या अभ्यासावरून हे मांडलं: बाहेरची माती अळीला प्रतिकूल असते तेव्हा आत थांबायचं आणि पावसाळ्याच्या सुमाराला अंडी बाहेर पडतील अशा बेताने वाढायचं. नेकेटरमध्ये हे दिसत नाही. तो त्याऐवजी जास्त जगतो, साधारण तीन ते पाच वर्षं आणि कधी त्याहून बरंच अधिक. अँकिलोस्टोमा सहसा वर्षभर.

काटोलच्या त्या बाईकडे परत. तिला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम आणि लोह दिलं. तीन आठवड्यांनी अंडी नव्हती, मे महिन्याच्या सुरुवातीला दोन वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांतही नव्हती. हिमोग्लोबिन चढत होतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अंडी पुन्हा दिसली, थोडी. सगळ्यांना वाटलं, पाऊस लागला, शेतात गेली, पुन्हा लागण झाली. पण दिवस मोजून बघ. अळी शिरल्यापासून अंडी दिसायला निदान पाच आठवडे लागतात, बऱ्याचदा जास्तच. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो, म्हणजे पावसातली लागण जुलैच्या तिसऱ्या आठवड्याआधी शौचात दिसणार नाही. तिला लागण झाली असलीच तर ती मेच्या चौथ्या आठवड्यात किंवा त्याआधी व्हायला हवी. तेव्हा ती बाग मृग बहारासाठी ताणावर होती, पाणी तोडलेलं, माती भेगाळलेली, वर ४४-४५ अंशांचं ऊन. तशा जमिनीत ही अळी तगत नाही. दात अँकिलोस्टोमाचे होते हे माहीत असल्यामुळेच आतून उठलेल्या अळ्यांचा संशय घेता आला. नेकेटर असता तर मी आधी औषध अपुरं पडलं का याचा विचार केला असता. हा संशयच आहे, पुरावा नव्हे. विहिरीजवळची ओली जागा किंवा मे महिन्यात नजरेतून सुटलेली मोजकी अंडी ही कारणं उरतातच. पण त्यावरून कृती ठरली: अल्बेंडाझोल आतड्यातल्या कृमींवर काम करतं, थांबलेल्या अळ्यांवर त्याचा भरवसा नाही. म्हणून दुसरा डोस दिला आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा तपासणी ठेवली.

याच थांबलेल्या अळ्या गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईत जाग्या होऊन दुधावाटे बाळाकडे जात असाव्यात, असं मानलं जातं. जमिनीवर पायही न ठेवलेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या काही आठवड्यांच्या बाळांना काळं शौच आणि गंभीर अॅनिमिया होऊन हुकवर्म सापडल्याच्या नोंदी भारतातूनही आहेत, आणि त्यांत संशय अँकिलोस्टोमा ड्युओडेनेलवर असतो. वॉर्डात असं बाळ आलं तर रक्तस्रावाच्या नेहमीच्या कारणांबरोबर त्याचं शौच पाठव, आईचंही पाठव, आणि फॉर्मवर 'हुकवर्मसाठी ताजा नमुना' असं लिही, म्हणजे तो खिडकीत पडून राहणार नाही.